त्रेचाळीसच्या दगडापुढे साडेसहाशे मीटर

‘कि.मी. ४३/६५०, डावी बाजू, पाइप मोरी, तोंड गाळाने बुजलेले.’ सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नोंदवह्यांमध्ये अशा ओळी पानोपानी सापडतात. शाखा अभियंत्याला किंवा त्या पट्ट्यावरच्या मैल कामगाराला ही ओळ वाचून दाखवली, तर तो त्रेचाळीसच्या दगडापासून पुढे चालू लागेल आणि मोरीपाशी जाऊन थांबेल. गावाचे नाव, झाडाची किंवा हॉटेलची खूण यातले काहीही त्याला लागणार नाही. रस्ता कोणता आणि दगड कोणता एवढे कळले की त्याचे काम भागते.

नकाशाचे तसे नाही. संगणकावरच्या नकाशात ठिपका टाकायचा तर अक्षांश-रेखांश हवेत आणि नोंदवहीत ते कुठेच नसतात. नकाशावर असते ती फक्त रस्त्याची रेषा. त्या रेषेवरून ठरावीक अंतर चालून गेल्यावर जो बिंदू येतो, तिथे मोरी किंवा खड्डा मांडायचा, या रीतीला रेषीय संदर्भ पद्धत म्हणतात. कल्पना शाळकरी मुलालाही समजेल इतकी सोपी आहे. तरीही या पद्धतीने केलेल्या नकाशांत मोऱ्या डोंगराच्या धारेवर आणि खड्डे चांगल्या रस्त्यावर पडलेले दिसतात. याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. दगडावरचा आकडा म्हणजे लांबी, असे नकाशा करणाऱ्याने गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात तो आकडा पत्ता असतो. पत्ता आणि लांबी यांच्यात कालांतराने फरक पडत जातो, आणि तो किती पडला हे रस्त्यावर उतरून दगड पाहिल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडे रस्त्याच्या कडेला दर किलोमीटरला दगड असतो. राष्ट्रीय महामार्गावर त्याचा माथा पिवळा, राज्य मार्गावर हिरवा. दोन किलोमीटर दगडांच्या मध्ये दर दोनशे मीटरवर एक बुटका दगड असतो आणि त्याच्यावर २, ४, ६, ८ असे आकडे असतात. त्यांच्यामुळे साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्याच्या आरंभापासूनचे अंतर, वाटेत कुठेही उभे राहून सांगता येते. या दगडांचे नमुने इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवून दिले आहेत. पूल आणि मोऱ्या यांना क्रमांक कसे द्यायचे हेही तिनेच ठरवले आहे, आणि पहिला घोळ इथेच होतो.

मोरीच्या कठड्यावर रंगवलेला क्रमांक अपूर्णांकासारखा असतो. वर किलोमीटर आणि खाली त्या किलोमीटरमधला अनुक्रम. म्हणजे कठड्यावर १२/४ लिहिले असेल, तर ती बाराव्या किलोमीटरमधली चौथी मोरी. दोनशे मीटरच्या दगडाच्या भाषेत मात्र १२/४ म्हणजे बारा किलोमीटर चारशे मीटर. नोंदवही संगणकावर चढवणाऱ्या माणसाने रस्ता पाहिलेला नसेल, तर तो दोन्ही एकाच रकान्यात टाकतो. परिणाम नकाशावर लगेच ओळखू येतो. एखाद्या किलोमीटरमधल्या मोऱ्या नेमक्या १००, २००, ३००, ४०० मीटरवर ओळीने उभ्या दिसतात. नाले इतक्या शिस्तीत वाहत नाहीत. असे दिसले की तो अनुक्रम होता, अंतर नव्हते, असे समजावे आणि मूळ वही मागवावी.

आता रेषेकडे वळू. रस्त्याची रेषा उपग्रहाच्या चित्रावरून हाताने काढलेली असेल, ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतलेली असेल किंवा खात्याकडून आलेली असेल. तिच्यावर मोजमाप सुरू करण्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट एककाची. रेषा अक्षांश-रेखांशात असेल, तर संगणक तिची लांबी अंशांत मोजतो. सहा किलोमीटरचा रस्ता त्याच्या लेखी ०.०५ अंशाच्या आसपास भरतो. त्याला ३,६८४ वर जायला सांगितले, तर तो रस्ता संपून कितीतरी पुढे जातो आणि ठिपका उमटतच नाही. एकही ठिपका न दिसणे हीच या चुकीची खूण. यासाठी रेषा आधी मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात आणावी लागते. महाराष्ट्राचा बराच भाग EPSG:32643 या पट्ट्यात येतो, पण ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला पट्टा बदलून EPSG:32644 होतो. अमरावती पहिल्या पट्ट्यात आहे, तर वर्धा आणि नागपूर दुसऱ्यात. मुंबई ते नागपूर असा ७०१ किलोमीटर जाणारा समृद्धी महामार्ग अर्थातच दोन्ही पट्ट्यांतून जातो.

दुसरी गोष्ट दिशेची. रेषेला सुरुवात आणि शेवट असतो. ज्याने ती काढली त्याने जिथून पहिली टिचकी मारली, ती सुरुवात. दगडांचे आकडे वाढतात त्याच्या उलट दिशेने रेषा काढलेली असेल, तर सगळ्या मोऱ्या आरशात पाहिल्यासारख्या उलट्या पडतात. मधल्या मोऱ्या साधारण जागेवर वाटतात आणि टोकाकडच्या फार लांब जातात. रेषेवर बाणाचे चिन्ह लावून पाहिले की हे क्षणात कळते.

तिसरी गोष्ट तुकड्यांची. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एकच रस्ता पुलापाशी, गावच्या हद्दीपाशी, जिथे जिथे त्याचा गुणधर्म बदलतो तिथे तोडलेला असतो. चौपदरी महामार्गाच्या तर दोन स्वतंत्र रेषा असतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने जातात. प्रत्येक तुकडा आपले अंतर शून्यापासून मोजू लागतो. म्हणून तुकडे जोडून एक सलग रेषा करावी. दुपदरी असो की चौपदरी, मोजण्यासाठी एकच रेषा ठेवावी आणि डावी-उजवी बाजू वेगळ्या रकान्यात लिहावी. दगडांचे आकडे वाढतात त्या दिशेला तोंड करून उभे राहिल्यावर जी डावी, ती डावी.

एवढे झाले की पुष्कळ जण थेट मोजायला लागतात आणि सपाट मुलखातल्या सात-आठ किलोमीटरच्या जिल्हा मार्गावर ते निभावूनही जाते. लांबच्या रस्त्यावर किंवा घाटात मात्र निभावत नाही.

मुंबई-गोवा महामार्गाचेच पाहा. पनवेलपासून निघणारा हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग १७ होता, आता तो ६६ आहे. जुन्या नोंदवह्यांत १७ आणि नव्यांत ६६ हा फरक निस्तरायला सोपा आहे, कारण क्रमांक बदलला तरी जमीन तीच राहते. अवघड आहे ते चौपदरीकरणात झालेले काम. वळणे सरळ झाली, काही गावांना बाहेरून वळसा मिळाला, आणि पोलादपूर व खेडच्या मधल्या कशेडी घाटाला बोगद्याची वाट मिळाली. २०२३ च्या गणेशोत्सवाआधी त्यातल्या एका बोगद्यातून हलकी वाहने सोडण्यात आली. घाटाची चढउतार करणारी वाट आणि बोगद्याची वाट यांची लांबी सारखी असणे शक्यच नाही. रस्ता मध्येच आखूड झाला, तर त्याच्या पुढच्या सगळ्या दगडांचे आकडे बदलायचे की तसेच ठेवायचे?

सगळे दगड बदलायचे, तर पुढच्या प्रत्येक मोरीचा, पुलाचा, अपघाताच्या नोंदीचा आणि ठेक्याच्या कागदाचा पत्ता बदलतो. म्हणून अनेकदा पुढचे दगड आहेत तसेच ठेवले जातात आणि बदल झालेल्या जागेचा एखादा किलोमीटर आखूड किंवा लांब राहतो. रुंदीकरणाच्या प्रकल्प अहवालांत याच कारणाने दोन साखळी क्रमांक शेजारी शेजारी दिलेले असतात : एक अस्तित्वातल्या रस्त्याचा आणि एक आखणीचा. अहवाल हाती आला की आपल्या नोंदवहीतला आकडा यातला कोणता, हे आधी विचारावे. तो प्रश्न न विचारता केलेला नकाशा पहिल्या वळणरस्त्यापर्यंत बरोबर असतो आणि त्यापुढे सगळा सरकलेला असतो.

रेषेची स्वतःचीही चूक असते. घाटात उपग्रहचित्रावरून रेषा काढणारा कंटाळतो आणि वळणावर दोन-तीनच बिंदू देतो. पंधरा मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळाकार वळण सुमारे ४७ मीटर लांब असते. वळणाची दोन टोके सरळ जोडली, तर तिथे ३० मीटरच भरतात. एका वळणात १७ मीटर गेले. अशी दहा वळणे असतील, तर नकाशावरचा घाट १७० मीटरने आखूड होतो. मध्ये एक जरी बिंदू जास्त दिला तरी तूट एका वळणाला पाच मीटरच्या आत येते. चढामुळे खरा रस्ता नकाशातल्या रेषेपेक्षा लांब असतो, अशी शंका पुष्कळांना येते. ती खरी आहे, पण हिशेब केला तर वीसास एक अशा चढावरही किलोमीटरमागे फरक सव्वा मीटरच पडतो. दोष चढाला देण्यात अर्थ नाही, आधी वळणे नीट काढावीत.

या सगळ्यावर उपाय एकच आहे आणि तो जुना आहे. रेषेला दगडांशी ठिकठिकाणी बांधून टाकायचे. एखाद्या माणसाने दुचाकीवरून रस्ता धरावा आणि प्रत्येक किलोमीटर दगडापाशी थांबून, दगडाचा आकडा दिसेल असा फोटो आणि मोबाइलचे स्थान घ्यावे. मोकळ्या आभाळाखाली मोबाइलचे स्थान साधारण पाच-दहा मीटरच्या आत येते, झाडीत आणि घाटात त्याहून जास्त चुकते. दगडांसाठी एवढे चालते, कारण ही चूक त्या दगडापुरतीच राहते. शून्यापासून मोजत येणाऱ्या आकड्याची चूक मात्र प्रत्येक किलोमीटरला आधीच्या चुकीत मिसळत जाते.

उदाहरणादाखल सह्याद्रीतला एक राज्य मार्ग घेऊ. आकडे हिशेब समजण्यापुरते घेतलेले आहेत. चाळीसच्या दगडापासून शेहेचाळीसच्या दगडापर्यंतची रेषा काढली. दगडांची स्थाने रेषेवर आणून प्रत्येक दगड रेषेच्या आरंभापासून किती मीटरवर पडतो ते पाहिले. एक्केचाळीसचा दगड १,०१२ मीटरवर, बेचाळीसचा २,०२० वर, त्रेचाळीसचा ३,०३४ वर, चव्वेचाळीसचा ३,९७४ वर, पंचेचाळीसचा ४,९८० वर आणि शेहेचाळीसचा ५,९९० वर आला.

सहा किलोमीटरच्या रस्त्याची रेषा ५,९९० मीटर भरली, म्हणजे चूक अवघी दहा मीटर. फक्त दोन टोके तपासणारा माणूस इथे समाधानाने पुढच्या कामाला लागला असता. पण मधले आकडे पाहिले की गोष्ट वेगळी दिसते. त्रेचाळीसपर्यंत रेषा ३४ मीटर जास्त भरत होती, आणि त्रेचाळीस ते चव्वेचाळीस हा किलोमीटर फक्त ९४० मीटरचा निघाला. तिथे कधीतरी एक वळण काढून रस्ता सरळ केलेला आहे. दोन चुकांनी एकमेकींना झाकले होते.

आता ती ४३/६५० ची पाइप मोरी. शून्यापासून सरळ मोजणारा तिला रेषेवर ३,६५० मीटरला ठेवील. दुसरा कोणी म्हणेल की त्रेचाळीस ते चव्वेचाळीसच्या मधल्या अंतराचा ६५ टक्के हिस्सा घ्यावा. ९४० चा ६५ टक्के ६११ होतो, म्हणजे मोरी ३,६४५ वर आली. दोन उत्तरे पाच मीटरच्या अंतराने जुळली आणि दोन्ही चुकीची आहेत. कारण नोंद करणाऱ्याने ते ६५० मीटर मापनचाक घेऊन, त्रेचाळीसच्या दगडापासून चालत मोजले होते. ते खरे मीटर आहेत, त्यांना आखडायचे काहीच कारण नाही. म्हणून ३,०३४ मध्ये ६५० मिळवायचे. मोरी ३,६८४ वर आली. उपग्रहचित्रात झाडीची एक काळसर रेघ डोंगरातून उतरते आणि रस्त्याला ३,६८१ मीटरवर ओलांडते. तीन मीटरच्या फरकावर वाद घालण्याची गरज नाही.

त्याच किलोमीटरमध्ये दुसरी एक मोरी आहे, ४३/८००. ही नोंद वळण काढण्याआधीच्या जुन्या वहीतली आहे. तेव्हा दोन दगडांमध्ये पुरते हजार मीटर होते. जुन्या नकाशावरून असे दिसते की काढलेले वळण त्रेचाळीसच्या दगडापासून दोनशे ते चारशे मीटरच्या दरम्यान होते. म्हणजे दगडापासून मोरीपर्यंत येताना वाटेत रस्ता आखूड झालेला आहे, पण मोरीपासून चव्वेचाळीसच्या दगडापर्यंतचा रस्ता जसाच्या तसा आहे. मग पुढच्या दगडापासून मागे मोजायचे : ३,९७४ मधून २०० वजा, ३,७७४. त्रेचाळीसपासून पुढे ८०० मोजले असते, तर ती ३,८३४ वर, साठ मीटर पलीकडे गेली असती. घाटातल्या साठ मीटरमध्ये एक नाला सुटून माणूस दुसऱ्याच नाल्यापाशी पोहोचू शकतो. रस्ता जिथे बदलला त्याच्या ज्या बाजूला मोरी आहे, त्या बाजूचा दगड तिचा खरा साक्षीदार, एवढे ध्यानात ठेवले की जुन्या वह्यांमधल्या बऱ्याच नोंदी सोडवता येतात.

प्रत्यक्ष काम क्यूजीआयएससारख्या मोफत प्रणालीत दोन ओळींचे आहे. दगडांच्या थरात पुढील सूत्र चालवले की प्रत्येक दगडाचे रेषेवरचे अंतर मिळते.

```
line_locate_point(
  geometry(get_feature('rasta','road_no','101')),
  @geometry)
```

इथे `rasta` हे रेषेच्या थराचे नाव आणि `101` हा रस्त्याचा क्रमांक आहे. ते अंतर नोंदवहीच्या तक्त्याला दगडाच्या आकड्यावरून जोडायचे, आणि मग मोरीचा बिंदू असा काढायचा :

```
line_interpolate_point(
  geometry(get_feature('rasta','road_no','101')),
  "dagad_antar" + "pudhe_m")
```

`dagad_antar` म्हणजे दगडाचे रेषेवरचे अंतर, `pudhe_m` म्हणजे दगडापासून पुढे मोजलेले मीटर. आपल्या मोरीसाठी ते ३,०३४ आणि ६५० आहेत. दुसरे सूत्र ‘Geometry by expression’ या साधनात घातले की कोरड्या तक्त्यातून ठिपक्यांचा थर तयार होतो. दगडांचे बिंदू मोबाइलवरून आलेले असल्याने अक्षांश-रेखांशात असतात. ते आधी रेषेच्याच प्रक्षेपणात आणायला विसरू नये, कारण ही सूत्रे आपणहून प्रक्षेपण बदलत नाहीत.

मोठ्या कार्यालयात हेच काम पोस्टजीआयएस या माहितीकोशात करतात. तिथे `ST_LineInterpolatePoint` ला मीटर चालत नाहीत, एकूण लांबीचा ० ते १ मधला हिस्सा द्यावा लागतो. रेषा तुकड्यांची असेल किंवा हिस्सा एकापेक्षा मोठा झाला, तर ते चूक दाखवून थांबते. नवख्या माणसाला याचा राग येतो, पण चुकीच्या जागी गुपचूप ठिपका टाकण्यापेक्षा हे थांबणे कितीतरी बरे.

नकाशा तयार झाला की तो खरा की खोटा हे ठरवायला मोऱ्यांइतकी चांगली कसोटी नाही. मोरी पाण्याच्या वाटेवर बांधलेली असते आणि पाणी आपली वाट सहसा बदलत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात सहा मीटरपर्यंतची ती मोरी, त्यापुढे साठ मीटरपर्यंत लहान पूल. सर्वेक्षण खात्याच्या नकाशातले ओढे किंवा भूउंचीच्या माहितीवरून संगणकाने काढलेले नाले रस्त्याच्या रेषेखाली ठेवावेत आणि प्रत्येक मोरी नाल्याच्या ओलांडीपासून किती लांब पडली ते पाहावे. फरक कसा आहे यावरून दुखणे कळते. सगळ्या मोऱ्या सारख्याच अंतराने एका दिशेला सरकल्या असतील, तर आरंभबिंदू चुकला आहे. फरक हळूहळू वाढत जात असेल, तर रेषा मापाची नाही, बहुधा वळणे कापली गेली आहेत. एका जागेपर्यंत सगळे ठीक असून पुढे एकदम उडी दिसली, तर त्या जागी रस्ता बदललेला आहे किंवा दगड सरकलेला आहे. रुंदीकरणात दगड उपटले जातात आणि काम संपल्यावर दहा-वीस मीटर इकडेतिकडे रोवले जातात, हेही होते. एखादीच मोरी वेगळी पडली असेल, तर बहुधा नोंदीत आकडा चुकला आहे.

या कामात म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी मोऱ्या मांडाव्यात, त्या नाल्यांवर बसतात का ते पाहावे, रेषा आणि दगड दुरुस्त करावेत आणि त्यानंतरच खड्डे मांडायला घ्यावेत. खड्ड्याला असा कोणताही साक्षीदार नसतो. तो आज आहे, पुढच्या महिन्यात डांबर-खडी भरली की नाही. तो नकाशावर चाळीस मीटर चुकला, तर उपग्रहचित्र पाहून ती चूक कोणालाही पकडता येणार नाही. मोऱ्यांनी तपासून घेतलेल्या रेषेवरच खड्ड्यांची भिस्त ठेवता येते.

खड्ड्यांच्या नोंदीचा दर्जाही वेगळा असतो. मोरीची नोंद शांतपणे, मापनचाकाने केलेली असते. खड्ड्याची नोंद जीपमध्ये बसून, अंतरदर्शकाकडे बघत केलेली असते. तो शंभर मीटरचा एकच आकडा दाखवतो. ४३.६ दिसले, तर गाडी ६०० आणि ७०० मीटरच्या मध्ये कुठेही असू शकते. टायरची हवा आणि झीज यांचा फरक आणखी वेगळा. अशा नोंदीला नकाशावर एक नेमका ठिपका देणे म्हणजे नसलेली अचूकता दाखवणे. त्यापेक्षा ४३/६०० ते ४३/७०० हा रेषेचा तुकडाच रंगवावा. `line_substring` या सूत्राला सुरुवातीचे आणि शेवटचे अंतर दिले की तो तुकडा मिळतो. डांबर घेऊन जाणाऱ्या पथकाला शंभर मीटरचा पट्टा सांगितला, तर ते खड्डा शोधून काढते. नेमका पण चुकीचा ठिपका दाखवला, तर खड्डा न दिसल्याने परत येते. अलग-अलग नोंदी असलेल्या खड्ड्यांपेक्षा ‘४३/६०० ते ४३/८०० रस्ता उखडला आहे’ अशी नोंद तर मुळातच पट्ट्याची असते.

मग सरळ मोबाइलवरूनच खड्ड्याचे स्थान का घेऊ नये? घ्यावे, पण त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये. घाटातल्या केसपिनासारख्या वळणावर रस्त्याच्या दोन भुजा नकाशावर वीस-बावीस मीटरच्या अंतराने समांतर जातात, एक खाली आणि एक वर. रस्त्याने गेले, तर त्याच दोन जागांमध्ये दोनशे मीटर असू शकतात. मोबाइलचे स्थान बारा मीटर चुकले की संगणक खड्डा सर्वांत जवळच्या रेषेवर, म्हणजे वरच्या भुजेवर टाकतो. बारा मीटरच्या चुकीचे एका क्षणात दोनशे मीटर झाले. सोबत ‘त्रेचाळीसच्या दगडापुढे सहाशेच्या सुमारास’ एवढे जरी लिहिलेले असेल, तरी भुजा कोणती ते ठरते. मोबाइल जवळची जागा सांगतो आणि दगडाचा आकडा त्यातली खरी निवडतो. दोन्ही नोंदी एकमेकींविरुद्ध गेल्या, तर ती ओळ बाजूला काढून कोणाला तरी जागेवर पाठवावे. दोन्हींची सरासरी काढू नये, कारण सरासरी कोणत्याच भुजेवर पडत नाही.

कितीही काळजी घेतली तरी काही मर्यादा राहतातच. दगडच नसलेल्या ग्रामीण रस्त्यावर ही पद्धत फारशी चालत नाही. तिथे आरंभीचा फाटा, मंदिर, शाळा, पूल अशा पक्क्या खुणांनाच दगड मानून त्यांच्यापासून मोजावे लागते. दोन दगडांमधले अंतर मापनचाकाने मोजले की संदर्भाने लावले हे जुन्या वहीत लिहिलेले नसेल, तर तीस-चाळीस मीटरची शंका कायम राहते आणि तसे नकाशाच्या रकान्यात स्पष्ट लिहावे. आणि रस्त्याचे काम झाले की दगडांची स्थाने पुन्हा घ्यावी लागतात. जुनी स्थाने पुसून टाकू नयेत. त्यांना वर्ष घालून तशीच ठेवावीत, म्हणजे त्या काळातली नोंद त्या काळातल्या दगडांवरून मांडता येते.

नोंदवही ठेवणाऱ्यांनी एक बदल केला, तर यातला निम्मा त्रास वाचेल. ४३.६५० असा एक आकडा न लिहिता दगड एका रकान्यात, पुढचे मीटर दुसऱ्यात, आणि ते कशाने मोजले हे तिसऱ्यात लिहावे. सोबत तारीख आणि बाजू. रस्ता उद्या सरळ झाला, बोगद्यातून गेला किंवा त्याचा क्रमांक बदलला, तरी अशी नोंद जागेवर नेऊन सोडते. वाचकांपैकी कोणी खड्ड्याची तक्रार करणार असेल, तर त्यानेही फोटोबरोबर मागे गेलेल्या शेवटच्या दगडाचा आकडा, प्रवासाची दिशा आणि दगडापासूनचे अंदाजे अंतर जरूर लिहावे. फोटोत दगड आला, तर उत्तमच.